काजू बीच्या व्यवहारात दर न पाडता खर्च कसा कमी करावा

सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचे छोटे कारखाने बरेच आहेत. त्यांच्यापैकी अनेकांची बी वर्षानुवर्षे एकाच व्यापाऱ्याकडून येते. हा व्यापारी आजूबाजूच्या दहाबारा गावांत फिरून बागायतदारांकडून बी गोळा करतो, आपल्या खळ्यावर साठवतो आणि गोण्या भरून कारखान्याला पोचवतो. कारखानदाराच्या वडिलांनीही त्याच्याच काट्यावरून बी घेतलेली असते, लग्नकार्याला एकमेकांकडे जाणे असते, आणि एखाद्या वर्षी बँकेचे कर्ज उशिरा मंजूर झाले तर हाच माणूस महिनाभर थांबलेला असतो. अशा माणसाकडे जाऊन अटी बदलून मागणे जड जाते. म्हणून बहुतेक जण एक तर काहीच बोलत नाहीत, किंवा मार्जिन फारच कमी उरले की ऐन एप्रिलमध्ये फोन करून किलोमागे पाच रुपये कमी करा असे सांगतात. या दोन्ही मार्गांनी पदरात फारसे पडत नाही. असे का होते आणि तिसरा मार्ग कोणता, हे एका नमुन्याच्या हिशोबातून पाहू. त्यातले दर केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने तिथे आपल्या वहीतले आकडे घालून पाहावेत.

कारखानदार बी विकत घेतो, पण त्याला हवा असतो गर. म्हणून बीचा किलोचा दर ही त्याची खरी किंमत नव्हे. एक किलो गर हाती येईपर्यंत किती पैसे गेले, ती खरी किंमत. या दोहोंच्या मध्ये दोन गोष्टी येतात. पहिली बीतला ओलावा. झाडाखालून वेचलेली ताजी बी चांगलीच दमट असते आणि कारखान्यात साठवण्यापूर्वी ती साधारण आठ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावी लागते. दुसरी गोष्ट उतारा, म्हणजे वाळलेल्या शंभर किलो बीतून सालीसकट किती किलो चांगला गर निघतो. पोकळ, अपक्व, डागाळलेली किंवा बुरशी धरलेली बी जितकी जास्त, तितका उतारा कमी.

समजा, बीचा दर १५० रुपये किलो आहे, ओलावा १३ टक्के आणि उतारा २६ टक्के आहे. शंभर किलो अशा बीत ८७ किलो कोरडा भाग असतो, त्यामुळे आठ टक्क्यांपर्यंत वाळवल्यावर साडेचौऱ्याण्णव किलो बी उरते. म्हणजे वाळलेली बी प्रत्यक्षात १५८ रुपये ६० पैशांना पडली, आणि २६ टक्के उताऱ्याने एक किलो गर ६१० रुपयांना पडला. आता दर पाच रुपयांनी पाडून १४५ केला, तर हाच गर ५९० रुपयांना पडतो. कागदावर वीस रुपये वाचले.

पण व्यापारी हे पाच रुपये कुठून देणार? त्याचे स्वतःचे सुटणेच किलोमागे काही रुपयांचे असते. बागायतदाराला तो कमी देऊ शकत नाही, कारण बागायतदार दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टेम्पोवाल्याला बी घालतो. मग तो भांडत नाही. बी एक दिवस कमी वाळवतो. त्यात फसवण्याचा हेतू असेलच असेही नाही, खळ्यावर चार मजूर कमी लावले तरी तेच घडते. ओलावा तेराचा सोळा टक्के झाला की शंभर किलोची वाळून जेमतेम ९१ किलो ३०० ग्रॅम बी उरते, आणि १४५ रुपयांच्या त्या बीचा गर पुन्हा ६१० रुपयांनाच पडतो. पाडलेले पाच रुपये पाण्याच्या रूपाने परत गेले. वर दमट गोण्या एकावर एक रचल्या गेल्या तर गराला डाग पडून उताराही घसरतो, म्हणजे प्रत्यक्षात नुकसानच. कारखानदार म्हणतो, माल खराब येतो. व्यापारी म्हणतो, या दरात असाच येणार. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. अनेक वर्षांचे संबंध बिघडतात ते बहुधा इथे.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे कडता. गोणीमागे एक-दोन किलो सरसकट कापायचे आणि विषय संपवायचा. माझ्या मते लांब पल्ल्याच्या व्यवहाराला सरसकट कडत्याइतके मारक दुसरे काही नाही. जो बी नीट वाळवतो त्याच्याही गोणीचे दोन किलो जातात आणि जो वाळवत नाही त्याचेही तेवढेच, मग नीट वाळवण्याचे कारणच उरत नाही. कडता हा व्यापाऱ्याला न बोलता दिलेला संदेश असतो, की तुझी बी वाईटच असणार हे आम्ही धरून चाललो आहोत.

बोलणी करायला बसण्यापूर्वी कारखानदाराने स्वतःचे घर तपासले पाहिजे. गेल्या हंगामातल्या प्रत्येक खेपेची तारीख, वजन, आल्यावेळचा ओलावा, उतारा आणि पैसे दिल्याची तारीख अशी वही असेल तर अर्धे काम झाले. नसेल, तर आधी एक हंगाम नोंद ठेवावी आणि पुढच्या वर्षी बोलावे, कारण आठवणीवर चालणारी बोलणी लगेच तक्रारींत शिरतात. त्या वहीतला शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा असतो. पंधरा दिवसांचा वायदा असताना पैसे तीस दिवसांनी गेले असतील, तर व्यापाऱ्याने त्याची किंमत कुठेतरी लावलेलीच असते.

ती किंमत किती, हे पाहण्यासारखे आहे. व्यापारी बागायतदाराला जागेवर रोख मोजतो. हंगामात त्याला हे भांडवल खासगीत महिना दोन टक्क्यांनी उचलावे लागत असेल, तर १५० रुपयांची एक किलो बी महिनाभर अडकली की तिचे तीन रुपये व्याज होते. कारखान्याकडे मात्र बँकेची कॅश क्रेडिट असेल आणि तिचा व्याजदर वर्षाला ११ टक्के धरला, तर तेच पैसे तिसाव्या दिवसाऐवजी तिसऱ्या दिवशी देण्याचा खर्च किलोमागे सव्वा रुपयाच्या आसपास येतो. व्यापाऱ्याचे त्यात दोन रुपये पासष्ट-सत्तर पैसे वाचतात. एकाला सव्वा रुपयाला पडणारी गोष्ट दुसऱ्याला अडीच रुपयांहून जास्त मोलाची आहे. संबंध न ताणता अटी सुधारायच्या असतील तर अशाच जागा शोधाव्या लागतात. दर ही एकच गोष्ट टेबलावर असली की एकाचा रुपया हा दुसऱ्याचा तोटा असतो. वेळ, वाहतूक, प्रतवारी आणि पैसे देण्याची तारीख यांना दोघांच्या लेखी वेगवेगळी किंमत असते, म्हणून त्यांची अदलाबदल करता येते.

ओलाव्याच्या बाबतीत मात्र एक भ्रम दूर ठेवला पाहिजे. बी जास्त वाळवून आणा, दर तोच राहील, असे सांगणे म्हणजे दर पाडणेच होय, कारण १३ टक्क्यांची बी दहा टक्क्यांवर आणली की शंभर किलोचे ९६ किलो ७०० ग्रॅम होतात आणि घटलेले वजन व्यापाऱ्याच्या काट्यावरून जाते. त्याचे उत्पन्न तेवढेच राहायला हवे असेल, तर दहा टक्के ओलाव्याच्या बीला १५५ रुपये दिले पाहिजेत. म्हणून बोलणीची सुरुवात कारखानदाराने दर वाढवून करावी, हे ऐकायला उलटे वाटले तरी हिशोबाला धरून आहे. प्रस्ताव असा ठेवावा: बाजारात दमट बीला १५० असेल तेव्हा दहा टक्क्यांच्या बीला आम्ही १५५ देऊ; ओलावा एक टक्का जास्त निघाला तर शंभर किलोमागे एक किलो शंभर ग्रॅम वजन कमी धरू, आणि एक टक्का कमी निघाला तर तेवढेच जास्त धरू. हे जास्त धरण्याचे कलम कारखानदाराला नकोसे वाटते, पण ते नसेल तर उरलेला सगळा करार नव्या नावाचा कडता होतो.

दोघांसाठीही नवे पैसे निर्माण होतात ते उताऱ्यात. उतारा एक टक्क्याने वाढला की किलोभर बीतून दहा ग्रॅम गर जास्त मिळतो, आणि गर किलोला ५८० रुपयांच्या घरात पडत असेल तर त्या दहा ग्रॅमची किंमत पावणेसहा-सहा रुपये होते. यातले निम्मे व्यापाऱ्याला द्यावे. २६ टक्क्यांच्या वर प्रत्येक टक्क्याला किलोमागे तीन रुपये, अशी साधी वाढ ठरवता येते. आता पूर्ण हिशोब करून पाहू. दहा टक्के ओलाव्याची बी, दर १५५, उतारा २८ टक्के म्हणून सहा रुपये वाढ, एकूण १६१ रुपये. ती आठ टक्क्यांपर्यंत वाळवून गर काढला, तर किलोला ५८८ रुपये पडतो. तिसऱ्या दिवशी पैसे देण्याचा खर्च मिळवला तर ५९२. म्हणजे किलोमागे पाच रुपये पाडून जे मिळणार होते ते, आणि उताऱ्याचे सहा रुपये जास्त देऊन जे मिळाले ते, जवळजवळ सारखेच आहे. फरक इतकाच, की पहिल्यात व्यापारी ते पैसे परत काढायच्या मागे असतो आणि दुसऱ्यात उतारा टिकवणे हेच त्याच्या फायद्याचे असते.

उतारा दोन टक्क्यांनी वाढेलच याची हमी नाही. तो प्रामुख्याने तीन कारणांनी पडतो, आणि त्यांतली दोनच व्यापाऱ्याच्या हातातली आहेत. न पडलेले बोंडू झाडावरून हिसकून काढले की अपक्व बी येते. अशी बी पाण्यात टाकली तर तरंगते, त्यामुळे बागायतदारासमोर बादलीत मूठभर बी टाकून ते तिथेच दाखवता येते. दमट बी खळ्यावर न पसरता गोणीत आठवडाभर पडून राहिली की ती आतून खराब होते. यात अर्धा दोष पुष्कळदा कारखान्याचाही असतो, कारण गाडी सांगितल्या दिवशी जात नाही. म्हणून आठवड्यातून ठरलेल्या दोन वारी आमची गाडी खळ्यावर येईल, हे वचन करारात असणे उताऱ्याच्याच हिताचे आहे. तिसरे कारण जातीचे. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारख्या वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून आलेल्या जातींची बी मोठी असते, गावठी बी लहान असते, आणि एका गोणीत दोन्ही मिसळली की फोडणीच्या वेळी काहींचा चुरा होतो आणि काही अर्धवट फुटतात. ज्या गावात जी झाडे आहेत ती बदलता येत नाहीत, पण मोठी आणि बारीक बी वेगळ्या गोण्यांत भरता येते. व्यापाऱ्याला या कामाचे थोडे पैसे द्यावेत. कारखान्यात चाळण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

प्रत्यक्ष बोलणे कधी आणि कुठे करावे, याला हिशोबाइतकेच महत्त्व आहे. एप्रिलमध्ये व्यापाऱ्याच्या खळ्यावर लोकांचे पैसे पसरलेले असतात. त्या दिवसांत मांडलेला प्रत्येक प्रस्ताव त्याला अडवणूक वाटतो. हंगाम संपून मागची बाकी चुकती झाल्यावर, किंवा उशिरात उशिरा झाडांना मोहर असताना, पहिली बी पडण्यापूर्वी बसावे. त्याला कारखान्याच्या केबिनमध्ये बोलावू नये, आपण त्याच्या खळ्यावर जावे, आणि हिशोबाच्या वहीची झेरॉक्स त्याच्या हातात द्यावी.

तरुण कारखानदार म्हणतो, “तात्या, दर कमी करायला आलेलो नाही. मागल्या वर्षीच्या खेपा आणल्यात, तुम्हीच बघा.” तात्या चष्मा लावून बराच वेळ वही चाळतात आणि म्हणतात, “ह्या सगळा ठीक आसा, पण कडतो काढशात, तो परत घालशात काय?” प्रश्न नेमका आहे. नव्या पद्धतीत ओलाव्याचा हिशोब असल्याने सरसकट कडता पूर्ण बंद, हे उत्तर त्याच बैठकीत स्पष्ट शब्दांत दिले पाहिजे. पुढचा प्रश्न बहुधा मशीन कोणाचे, हाच येतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त ओलावामापकांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून दोघांनी एकाच बनावटीचे यंत्र घ्यावे आणि हंगामाच्या सुरुवातीला एकच नमुना दोन्हीवर मोजून फरक लिहून ठेवावा. उताऱ्यासाठी प्रत्येक गोणीतून, वरूनही आणि तळातूनही, मूठ मूठ बी काढून एकत्र करावी, त्यातली एक किलो मोजून फोडावी, चांगला गर पूर्ण वजनाने आणि डागाळलेला किंवा सुरकुतलेला गर निम्म्या वजनाने धरावा. ही फोडणी दोघांसमोर व्हावी, दर खेपेला एकाच ठरलेल्या ओलाव्याच्या बीवर व्हावी, आणि तेवढ्याच बीचा दुसरा नमुना पिशवीत सील करून खळ्यावर ठेवावा. एक किलोत दीडशे-दोनशेच बिया असतात, त्यामुळे एका नमुन्यात अर्धा-पाऊण टक्का इकडेतिकडे होणारच. म्हणून पूर्ण टक्क्याखालचा फरक पैशांत धरू नये. पैशापैशासाठी घासाघीस केली तर मोजमापावरचाच विश्वास जातो.

नव्या पद्धतीची भीती कमी करण्याचा एक सोपा उपाय आहे. पहिल्या पाच टन बीचा हिशोब जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींनी करावा आणि व्यापाऱ्याला जी रक्कम जास्त येईल ती द्यावी. कारखान्याला यात फार तर काही हजारांचा फटका बसेल, पण व्यापाऱ्याला आपला तोटा होत नाही हे स्वतःच्या वहीत दिसते. संपूर्ण हंगामाचा एकच दर बांधून घेण्याचा आग्रह मात्र कोणीच धरू नये. बीचा बाजार आठवड्यात हलतो, आणि दर वर गेला की बांधलेला व्यापारी माल दुसरीकडे वळवतो, खाली गेला की कारखानदार गाडी पाठवायला टाळाटाळ करतो. परिसरातील तीन ठरावीक खरेदीदारांच्या त्या दिवशीच्या दरांची सरासरी हा आधार धरावा, आणि बोलणी केवळ त्यावरच्या वाढीची किंवा घटीची असावी.

दुसरा पर्याय असल्याशिवाय बोलणी होत नाही, असे म्हणतात ते खरे आहे. पण तो पर्याय खरा असावा. आफ्रिकेची बी मागवतो ही धमकी चाळीस टन घेणाऱ्या कारखान्याच्या तोंडी शोभत नाही, कारण कंटेनरभर माल, त्याचे आगाऊ पैसे आणि बंदरावरचे सोपस्कार हे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते, आणि व्यापाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. त्यापेक्षा पाचवा हिस्सा बी आपण थेट बागायतदारांकडून घेतो, हे उघड सांगावे. त्याने व्यापारी दुखावत नाही, उलट तुमच्या हिशोबाला आधार आहे हे त्याला कळते. मात्र थेट खरेदी त्याच्याच गावांत करू नये.

याच ओघात एक कायद्याची बाब. लहान पुरवठादाराकडून लांब मुदतीची उधारी मिळवणे हे चांगल्या बोलणीचे लक्षण समजले जाते, पण सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादकाच्या बाबतीत २००६ च्या कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडची मुदत चालत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवसच मिळतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, अशी रक्कम मुदतीत दिली नाही आणि वर्षअखेरीसही बाकी राहिली तर त्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नातून तो खर्च वजाही मिळत नाही. डबे किंवा पाऊच बनवून देणाऱ्याशी बोलताना हे ध्यानात ठेवावे. बीचा व्यापारी केवळ खरेदी-विक्री करत असेल तर उशिरा दिलेल्या पैशांविरुद्धचे हे संरक्षण त्याला मिळत नाही, आणि म्हणूनच तिसऱ्या दिवशीचे वचन त्याच्यासाठी अधिक मोलाचे ठरते. ते वचन एकदा जरी मोडले, तरी ओलाव्याचे आणि उताऱ्याचे सगळे गणित तो मनात पुन्हा जुन्या पद्धतीने मांडू लागतो.

व्यवस्था बिघडू लागली आहे हे कसे ओळखावे? गोणीच्या वरच्या थरातला आणि तळाचा उतारा वेगळा निघू लागतो. खेपा ठरल्या वारी तयार नसतात. बागायतदारांकडून कळते की ओलाव्याची कपात त्यांच्यापर्यंत पोचली पण उताऱ्याची वाढ पोचली नाही. असे झाले की चांगली बी हळूहळू दुसऱ्या खळ्यावर जाते, म्हणून वाढीतला काही भाग बागायतदाराला मिळतो ना, हे अधूनमधून विचारावे. सर्वांत वाईट लक्षण म्हणजे व्यापाऱ्याची कुरकुर थांबणे. जो माणूस दर खेपेला काहीतरी तक्रार करत असे तो निमूट सही करू लागला, तर त्याने दुसरा खरेदीदार पाहिला आहे असे समजून त्याच आठवड्यात खळ्यावर जावे.

मे महिन्याच्या अखेरीच्या बीसाठी मात्र वेगळे कलम लागतेच. वळवाचा एक पाऊस पडला की झाडाखालची बी काळवंडते, खळ्यावर ऊन मिळत नाही, आणि दहा टक्क्यांचा आधार धरून केलेला हिशोब व्यापाऱ्याला बुडवतो. म्हणून पहिल्या पावसानंतर वेचलेली बी या कराराबाहेर ठेवावी, तिच्या गोण्यांना वेगळी खूण करावी, आणि प्रत्येक खेपेचा दर फोडून पाहिल्यावर जागेवर ठरवावा. ती घ्यायची की नाही हे कारखानदाराने ठरवावे आणि द्यायची की नाही हे व्यापाऱ्याने; तिच्यावरून चांगल्या दोन महिन्यांच्या हिशोबाला हात लावायचा नाही, एवढे त्याच एका पानी कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.